'अपोलो १३' मध्ये नक्की काय संपत आलं होतं? आणि मुलांना पुढे काय दाखवू?

घोडबंदरची_गौरी

आमच्या सोसायटीत महिन्यातून एकदा क्लबहाउसमध्ये मुलांसाठी सिनेमा लावतो. आठवी ते दहावीची मुलं असतात. या वेळी 'अपोलो १३' लावला, १९९५ चा, टॉम हँक्सचा. चंद्राकडे निघालेल्या तीन अंतराळवीरांचं यान वाटेत बिघडतं आणि ते कसेबसे परत येतात, त्याची गोष्ट. सिनेमा इंग्रजी आणि सबटायटल्सही इंग्रजीच, त्यामुळे मुलं कंटाळतील अशी भीती होती. पण कोणी मोबाइलसुद्धा काढला नाही.

पंचाईत नंतर झाली. नववीतल्या एकाने विचारलं, "काकू, सगळेच सारखं संपतंय संपतंय म्हणत होते. हवा संपत होती की वीज? आणि यातलं खरं किती?" मला धड सांगता आलं नाही. इथे अवकाश आणि सिनेमा दोन्हींचे दर्दी आहेत म्हणून विचारते. शिवाय पुढच्या महिन्यासाठी काहीतरी सुचवा. सत्यघटनेवरचं चालेल, काल्पनिक असलं तरी विचार करून लिहिलेलं हवं. एलियन मारामारी नको.

---

सीवूड्सचा_समीर

ऑक्सिजन संपत होता, सोपं आहे. ऑक्सिजनचीच टाकी फुटली ना! श्वासाला हवा उरली नाही म्हणून तिघे जोडलेल्या, चंद्रावर उतरायच्या लँडरमध्ये गेले आणि तिथला ऑक्सिजन पुरवून पुरवून वापरत परत आले. सिनेमा जवळपास शंभर टक्के खरा आहे, खुद्द यानाचा कमांडर लॉव्हेल, त्याच्या पुस्तकावरून काढलाय. वजनरहित अवस्थेचे प्रसंगही नासाच्या विमानात खरोखर तरंगत चित्रित केलेत. दर खेपेला पंचवीसेक सेकंद मिळायचे, तेवढ्यात शॉट घ्यायचा.

---

परेश_काका_नेरुळ

छान धागा. माझा मुलगा दहावीत आहे, त्याला अवकाश क्षेत्रात करिअर करायचं आहे. ठाणे-वाशी पट्ट्यात त्यासाठी चांगला क्लास कोणता? फी किती? कृपया व्यनि करा.

---

जुनी_दुर्बीण

काका, क्लाससाठी वेगळा धागा काढा, इथे तुमचा प्रश्न वाहून जाईल.

समीर, विमानाचं बरोबर. टाकी ऑक्सिजनची होती हेही बरोबर. पण तिघांचा श्वास त्या टाक्यांअभावी अडणार नव्हता. तो ऑक्सिजन मुख्यतः फ्युएल सेलसाठी होता. तिथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज तयार होते आणि पाणीही. म्हणजे टाक्या गेल्या आणि मुख्य यानाची, ओडिसीची, वीज आणि पाणी एकदम गेलं. उरल्या त्या पृथ्वीच्या वातावरणात शिरताना लागणाऱ्या छोट्या बॅटऱ्या. त्या वाचवायच्या म्हणून ओडिसी बंद करून तिघे लँडरमध्ये, ॲक्वेरियसमध्ये, गेले.

आता ॲक्वेरियसचा हिशोब बघा. ते दोन माणसांसाठी साधारण दोन दिवसांच्या बेताने बांधलेलं. स्फोट झाला उड्डाणानंतर ५६ व्या तासाच्या सुमारास, ओडिसी बंद झालं ५८ व्या तासाला, समुद्रात उतरले १४३ व्या तासाला. म्हणजे ८५ तास, साडेतीन दिवस, आणि माणसं तीन. दोन गुणिले दोन म्हणजे चार माणूस-दिवसांच्या घरात साडेदहा माणूस-दिवस काढायचे होते.

यात ऑक्सिजन भरपूर होता! चंद्रावर दोनदा बाहेर पडायचं होतं. दर वेळी केबिनमधली हवा सोडून द्यायची आणि परत आल्यावर पुन्हा भरायची, त्यासाठी जादा साठा दिलेला. चंद्रावर उतरलेच नाहीत, तो साठा वाचला. ॲक्वेरियस सोडून दिलं तेव्हा अर्ध्याहून जास्त ऑक्सिजन शिल्लक होता.

विजेची ओढाताण होती, पण यान जवळजवळ सगळं बंद करून खर्च १२ अँपिअरच्या आसपास आणला आणि शेवटी वीसेक टक्के वीज उरली. सगळ्यात जवळ येऊन ठेपलं होतं ते पाणी. सुमारे १५३ किलो पाणी घेऊन निघालेल्या ॲक्वेरियसमध्ये शेवटी १३ किलोच्या आसपास उरलं. सिनेमात पाण्यावरून कोणी ओरडत नाही, म्हणून ते लक्षातच येत नाही.

---

मुग्धा_कोलशेत

मी मुग्धाचा मुलगा, आईच्या आयडीवरून लिहितोय. प्रश्न विचारणारा तो मीच.

तीन माणसं साडेतीन दिवसांत १४० लिटर पाणी कसं पितील? आणि हवा भरपूर होती, तर तो चौकोनी डबा गोल भोकात बसवायचा सीन कशासाठी?

---

भूलवाली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, माझा रोजचा धंदा आहे. ठाण्यातच भूलतज्ज्ञ म्हणून काम करते.

आपल्याला गुदमरल्यासारखं होतं ते ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नाही, कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. आत ऑक्सिजन कितीही असो, सोडलेला श्वास बाहेर काढला नाही तर आधी डोकं दुखतं, श्वास भराभर होतो, मग गुंगी येते आणि हातून चुका व्हायला लागतात. याउलट नुसता ऑक्सिजन कमी झाला तर माणसाला बऱ्याचदा कळतही नाही, तो सरळ बेशुद्ध पडतो. तो धोका आणखी वाईट, पण वेगळा.

आमच्या भुलीच्या मशीनमध्ये रुग्णाने सोडलेला वायू फिरून परत त्यालाच दिला जातो. वाटेत सोडालाइमच्या दाण्यांचा डबा असतो, तो कार्बन डायऑक्साइड शोषतो. दाणे पांढऱ्याचे जांभळे झाले की डबा बदलायचा. रंग बदललेला लक्षात आला नाही तर मॉनिटरवर कार्बन डायऑक्साइडचा आकडा चढतो. यानातल्या त्या डब्यांचंही हेच काम होतं, फक्त दाण्यांत लिथियम हायड्रॉक्साइड. लिथियम हलकं, म्हणून तेवढाच वायू शोषायला कमी वजनाचं रसायन लागतं. आम्हाला वजनाची फिकीर नाही, यानाला असते.

---

जुनी_दुर्बीण

डॉक्टरीणबाई, झकास. आता त्या मुलासाठी गणित देतो. माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४४ ग्रॅम वायूला ४८ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड लागतं. तिघांना साडेतीन दिवसांसाठी किती लागेल ते काढ. मग ॲक्वेरियसमध्ये दोघांचं दोन दिवसांचं होतं असं धर. राखीव डबे होते, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त, पण पुरेसं नाही.

पाण्याचं उत्तर: प्यायला फार कमी वापरत होते, दिवसाला माणशी पेलाभर. बाकीचं यंत्रं थंड ठेवायला.

---

मुग्धा_कोलशेत

१०.५ किलो वायू गुणिले ४८ भागिले ४४ = साधारण ११.५ किलो. आणि चार माणूस-दिवसांसाठी साडेचार किलोच्या आत. म्हणजे निम्मंसुद्धा नव्हतं!

पण सिनेमात तर आत कडाक्याची थंडी. तोंडातून वाफ निघतेय, हॉटडॉग दगडासारखे झालेत. मग थंड कशाला करायचं?

---

जुनी_दुर्बीण

उत्तम प्रश्न, आणि सगळी गोम इथेच आहे.

बाहेर निर्वात पोकळी. पंख्याने उष्णता बाहेर टाकायला तिथे हवाच नाही. चालू असलेलं प्रत्येक उपकरण तापतं. ती उष्णता नळ्यांतल्या द्रवातून एका प्लेटपर्यंत न्यायची, तिथे पाणी गोठतं आणि त्या बर्फाची थेट वाफ होऊन अवकाशात निघून जाते. जाताना उष्णता घेऊन जाते. थोडक्यात, वीज जेवढी जास्त वापराल तेवढं पाणी उडून जाणार.

म्हणून वीज बंद करणं म्हणजे पाणी वाचवणंही होतं. आणि वीज बंद केली की केबिन गार पडते, कारण तीच उपकरणं केबिन ऊबदार ठेवत होती. तापमान तीन-चार अंश सेल्सिअसपर्यंत खाली गेलं. त्या थंडीला वेगळं कारण नाही, ती काटकसरीचीच किंमत. आपल्याकडे पाणीकपातीच्या आठवड्यात सोसायटीचा सेक्रेटरी टाकीत काठी बुडवून बघतो आणि मग पंप किती वेळ चालवायचा ते ठरवतो, तसं ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात माणसं दर तासाला आकडे बघत होती.

---

कोपरीकर

मी इलेक्ट्रिकचं काम करतो. मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो टाकी फुटलीच का. सिनेमात शेवटी दोन वाक्यांत उरकलंय.

टाकीत हीटर होता आणि जास्त तापू नये म्हणून थर्मोस्टॅटचे स्विच. स्विच २८ व्होल्टचे. पण जमिनीवर चाचणीच्या वेळी हीटरला ६५ व्होल्ट दिले जायचे. हीटर बदलून घेतला होता, स्विच बदलायचे राहिले. त्यात ही टाकी आधी कारखान्यात दोनेक इंच खाली आपटलेली, त्यामुळे आतली नळी ढिली झाली असावी. उड्डाणाआधी चाचणीनंतर ती नीट रिकामी होईना, म्हणून आठेक तास हीटर चालू ठेवून ऑक्सिजन उकळून काढला. स्विच उघडायला गेला तो जास्त व्होल्टेजमुळे जागच्या जागी चिकटून बसला. आतलं तापमान पाचशे अंशांवर गेलं असावं. वायरचं टेफ्लॉन जळून फाटलं.

आणि हे कोणाला दिसलं का नाही? तर गेज २७ अंशांच्या वर दाखवतच नव्हतं! त्यापुढे जायचंच नाही असं गृहीत धरलेलं. काटा वरच्या टोकाला टेकून बसला, लोकांना वाटलं २७. आम्ही साइटवर शिकाऊ पोरांना सांगतो, मीटर टोकाला टेकलेला दिसला तर ते रीडिंग नव्हे.

मग अवकाशात टाकी ढवळायचा पंखा चालू केला आणि उघड्या वायरवर ठिणगी पडली.

---

सीवूड्सचा_समीर

ओके, ऑक्सिजनबद्दल माझं अर्धवट होतं. पण डब्याचा सीन तर खरा ना? टेबलावर सगळं सामान ओततात आणि सांगतात, यातून हे बनवा.

---

जुनी_दुर्बीण

वस्तू खऱ्या: प्लास्टिकच्या पिशव्या, उड्डाण-पुस्तिकेचं जाड पुठ्ठ्याचं कव्हर, स्पेससूटच्या नळ्या आणि चिकटपट्टी. घाई मात्र सिनेमाची. या कामाचा प्रमुख एड स्मायली. स्फोटाची बातमी कळली त्याच रात्री तो कामाला लागला, कारण वरचं गणित त्याला लगेच दिसलं होतं. डबा आधी जमिनीवर बनवून तपासला आणि स्फोटानंतर जवळपास दीड दिवसाने रेडिओवरून एकेक पायरी वाचून दाखवली. वर तो बनवायला तासभर लागला. तेव्हा वायूचं प्रमाण वाढलेलं होतं, पण माणसं बेशुद्ध पडायच्या बेतात नव्हती.

एक बारकावा मुलांना जरूर दाखवा. ओडिसीचे चौकोनी डबे भरपूर होते, मग ते ओडिसीतच का नाही वापरले? कारण तिथले पंखे बंद, हवा डब्यातून जाणार कशी? म्हणून ॲक्वेरियसमधल्या स्पेससूटच्या नळ्या त्या डब्यांना जोडल्या आणि ॲक्वेरियसच्या पंख्याने हवा ओढली. डबा भोकात 'बसवला' नाहीच, नळीला जोडला. सिनेमा बघताना आपल्याला कोडं आकाराचं वाटतं. आकाराचं होतंच, पण अर्धं कोडं पंख्याचं होतं.

---

भूलवाली

मग मुळात एक चौकोनी, एक गोल असं केलंच का? आमच्याकडे नळ्यांची जोडणी जगभर एकाच मापाची असते, मुद्दाम.

---

जुनी_दुर्बीण

दोन वेगळ्या कंपन्या. ओडिसी नॉर्थ अमेरिकनचं, ॲक्वेरियस ग्रमनचं. प्रत्येकाने आपापल्या जागेत बसेल असं केलं.

---

कोपरीकर

एवढंच कारण नसणार, साहेब. लँडरमध्ये ग्रॅमभर वजनावरून मारामारी होती. मोठा चौकोनी डबा त्यांना परवडलाच नसता. आणि लँडरमध्ये तिघे चार दिवस राहतील हे कोणाच्या डोक्यात असणार?

---

जुनी_दुर्बीण

लँडरचा 'लाइफबोट' म्हणून विचार आधी झालेला होता, सरावातही आला होता. पण डब्यांच्या मापापर्यंत तो पोचला नाही. वजनाचा मुद्दा मान्य, पण त्याने आकार ठरतो, जोडणी नाही. दोन्ही डब्यांना चालेल अशी एक नळी ठेवता आली असती. माझं मत.

---

कोपरीकर

मागून सगळ्यांनाच सुचतं.

---

बेलापूरची_लेक

मुद्दा थोडा वेगळा. मला हा सिनेमा लहानपणी आवडला आणि मोठेपणी राग आला. वर तिघे भांडतात ते खोटं. जॅक स्विगर्टला नवशिका, थोडा बावळट दाखवलाय, प्रत्यक्षात तो ओडिसीच्या आणीबाणीच्या पद्धतींचा चांगला जाणकार होता. इंजिन हाताने चालवायचा तो प्रसंग घ्या. सिनेमात ३९ सेकंद यान गदागदा हलतंय. खरा बर्न १४ सेकंदांचा, तोही इंजिन दहाएक टक्क्यांवर ठेवून. खिडकीत पृथ्वीवरची दिवस-रात्रीची सीमा धरून लॉव्हेल आणि हेज दिशा सांभाळत होते, स्विगर्ट घड्याळ बघत होता. शांतपणे झालं. आणि यान पुन्हा चालू करायचा क्रम जमिनीवर राहिलेला अंतराळवीर केन मॅटिंग्ली एकटाच सिम्युलेटरमध्ये बसून शोधतो असं दाखवलंय. ते नियंत्रण कक्षातला जॉन ॲरन आणि बऱ्याच जणांचं काम, मॅटिंग्ली त्यांतला एक.

मुलांच्या मनात ठसतं काय? की हुशारी म्हणजे आयत्या वेळी सुचणं. खरी हुशारी आधी दीड दिवस गणित करण्यात होती.

---

येऊरकर

मला पटत नाही. १४ सेकंदांची शांतता मोठ्या पडद्यावर कोण बघेल? पोरं त्या ३९ सेकंदांमुळेच आज हे प्रश्न विचारतायत. मुलगा आधी गुंतला, मग त्याने लिथियमचा हिशोब केला. उलट्या क्रमाने कोणी करत नाही.

---

बेलापूरची_लेक

गुंतवायला खोटं लागतंच असं नाही. 'अपोलो ११' नावाचा २०१९ चा माहितीपट दाखवा. पूर्ण जुनं चित्रण, निवेदक नाही, मुलाखती नाहीत. नुसते ह्यूस्टनमधले आवाज आणि पडद्यावर चढणारे-उतरणारे आकडे. चंद्रावर उतरताना किती इंधन उरलंय ते आपण त्यांच्याबरोबर बघतो. माझ्या भाच्याने नखं खाल्ली.

---

घोडबंदरची_गौरी

तुम्ही दोघे भांडा, मी दोन्ही लिहून घेते :) काल्पनिकमध्ये 'द मार्शन' कसा आहे?

---

येऊरकर

एकदम योग्य. एकटा माणूस, मोजका साठा, बटाटे, कॅलरीचं गणित. वरचीच सगळी चर्चा पुन्हा, फक्त मंगळावर.

---

जुनी_दुर्बीण

दाखवाच, पण सुरुवातीचं वादळ मुलांकडून तपासून घ्या. मंगळाची हवा इतकी विरळ की घनता पृथ्वीच्या साधारण साठाव्या भागाएवढी. वाऱ्याचा दाब घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो. साठाचं वर्गमूळ पावणेआठ. म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरचा वारा तिथे आपल्याकडच्या विसेक किलोमीटरच्या वाऱ्याएवढा लागेल. उपवनला संध्याकाळी सुटतो तेवढा. त्याने यान कलंडत नाही. लेखक अँडी वीअरनेही हे मान्य केलंय, त्याला गोष्ट सुरू करायला निमित्त हवं होतं.

ही एक सवलत घेऊन पुढे मात्र तो बराच प्रामाणिक आहे. हायड्रझीनपासून पाणी करायची कल्पना रसायनशास्त्रात बसते, आणि ते करताना हायड्रोजनचा भडका उडतो हेही बसतं. मंगळाच्या मातीत परक्लोरेट क्षार असतात, ते धुऊन न काढता बटाटे खाणं बरं नव्हे. ते तो टाळून जातो.

---

सीवूड्सचा_समीर

आपल्याकडचं काहीच नको? 'मिशन मंगल' आहे, 'रॉकेट बॉइज' आहे.

---

बेलापूरची_लेक

'रॉकेट बॉइज' मोठ्या मुलांना आवडेल. फक्त आधी सांगा की मेहदी रझा हे पात्र काल्पनिक आहे, नाहीतर मुलं त्याला इतिहासात शोधत बसतात. 'मिशन मंगल' मध्ये खरा मसाला निसटलाय. मंगळयानाचं इंजिन जवळपास ३०० दिवस बंद होतं आणि मंगळापाशी ते पुन्हा पेटेल का, हीच खरी धाकधूक होती. म्हणून दोन दिवस आधी, २२ सप्टेंबर २०१४ ला, ते चारेक सेकंद चालवून बघितलं. त्या चार सेकंदांवर अख्खा सिनेमा झाला असता.

---

येऊरकर

पुन्हा चार सेकंद! तुम्ही सिनेमे काढू नका, ताई.

---

मुग्धा_कोलशेत

पुन्हा मीच. दोन प्रश्न राहिले. शेवटी वीस टक्के वीज उरली तर हीटर का नाही लावला? आणि लवकर परत यायचा मार्ग नव्हता का?

---

जुनी_दुर्बीण

लवकर यायचं तर केलंच होतं. चंद्राला वळसा घातल्यावर दोन तासांनी लँडरचं इंजिन साडेचार मिनिटांच्या आत चालवलं, त्यामुळे दहाएक तास वाचले. उतरायची जागाही हिंद महासागरातून प्रशांत महासागरात आली, जिथे जहाजं तयार होती. याहून खूप लवकर यायचा पर्यायही होता. मागचा मोडका सर्व्हिस मोड्यूल आधीच सोडून द्यायचा, वजन कमी, वेग जास्त. पण मग ओडिसीची उष्णतारोधक ढाल कित्येक तास अवकाशातल्या थंडीत उघडी पडली असती, आणि ती तशी कधी तपासलेली नव्हती. शिवाय इंजिनाचं इंधन जवळजवळ सगळं खर्ची पडलं असतं, नंतर मार्ग सुधारायला काही उरलं नसतं. नको म्हणाले.

विजेचं: ती उरेल हे शेवटी कळलं, आधी नाही. आणि वाचलेल्यातली थोडी वीज ॲक्वेरियसमधून उलटी ओडिसीत नेऊन तिथली बॅटरी चार्ज केली, कारण उतरताना तीच लागणार होती. त्या तारा एरवी ओडिसीकडून ॲक्वेरियसला वीज द्यायला होत्या. थोडी ऊब करता आली असती का, यावर मी तुझ्याशी वाद घालायला तयार आहे. पण लक्षात ठेव, हीटर लावला की पाण्याचा हिशोबही बदलतो.

---

कोपरीकर

नुसता हीटर लावला तर पाणी का जाईल? उष्णता केबिनमध्येच राहिली पाहिजे ना.

---

जुनी_दुर्बीण

केबिनची हवाही त्याच थंड करणाऱ्या नळ्यांवरून फिरते हो. पण किती फरक पडला असता हे कागदावर मांडून बघतो, उद्या टाकतो.

---

घोडबंदरची_गौरी

पुढच्या महिन्यात 'अपोलो ११' माहितीपट, त्यापुढे 'द मार्शन'. येऊरकर, पहिल्याला मुलं झोपली तर पुढचा सिनेमा तुम्ही निवडायचा. मुलांना वही-पेन्सिल घेऊन यायला सांगितलंय, इंधनाचे आकडे लिहून घ्यायला.

---

परेश_काका_नेरुळ

मुलाला घेऊन आलो तर चालेल का? नेरुळहून ट्रान्सहार्बरने ठाण्याला येतो. किती वाजता?